जुना फोटो, आजचा रस्ता: नागपूरचे ‘तेव्हा आणि आता’ जोडफोटो करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातल्या अल्बममधला एखादा जुना फोटो घेऊन लोक विचारतात, "याच जागेवरून आजचा काढून अर्धा-अर्धा जोडता येईल का?" येतो. फोटो जोडायचं काम घरी बसून होतं, पण तो जुळेल की नाही हे रस्त्यावर तुम्ही कुठे उभे राहिलात यावर ठरतं. म्हणून खालच्या उत्तरांमध्ये संगणकापेक्षा पायांबद्दल जास्त लिहिलं आहे.

1. जोडफोटो म्हणजे दोन फोटो शेजारी-शेजारी लावणंच ना?

नाही. शेजारी लावलेल्या फोटोंमध्ये दोन्ही चौकटी पूर्ण असतात आणि तुलना डोळ्यांनी करावी लागते. जोडफोटोत चौकट एकच असते. अर्ध्यात जुना रस्ता, अर्ध्यात आजचा, आणि मधल्या रेघेवर कमान, छपराची कड, जोत्याची ओळ एकातून दुसऱ्यात न तुटता जायला हवी. त्यासाठी दोन्ही फोटो एकाच बिंदूवरून काढलेले असावे लागतात. फक्त तोच चौक, तीच दिशा एवढ्याने भागत नाही.

2. कोणता जुना फोटो निवडावा?

ज्यात जवळची निदान एक आणि लांबची निदान एक वस्तू आजही उभी आहे, असा. नुसती लांबची एक इमारत उरली असेल तर तुम्ही चार पावलं इकडे-तिकडे उभे राहिलात तरी फोटोत ते कळत नाही, म्हणजे नेमकी जागा शोधायला धागाच मिळत नाही. नागपूर स्टेशनची दगडी इमारत 1925 पासून उभी आहे. तिच्यासमोर उड्डाणपूल आला आणि पाडलाही गेला, इमारत आहे तिथेच. लांबची खूण म्हणून ती उत्तम, पण अंगणात जवळचं काही शिल्लक नसेल तर फक्त तिच्यावर जागा पक्की होत नाही. महाल, इतवारीचे जुने रस्ते या कामाला बर्डीपेक्षा सोपे जातात, कारण तिथे रस्ता अरुंद असल्यामुळे जवळचं घर फोटोत हमखास आलेलं असतं.

3. अल्बममधल्या फोटोची प्रत कशी काढू? मोबाइलने काढलेला फोटो चालेल?

स्कॅनर मिळत असेल तर तोच वापरा. पत्त्याच्या आकाराच्या छोट्या फोटोला 600 डीपीआय पुरे. मोबाइलने काढायचा असेल तर फोटो टेबलावर सपाट ठेवा, खिडकीचा उजेड बाजूने येऊ द्या आणि मोबाइल फोटोच्या अगदी समांतर धरा. जरा तिरका धरला की चौकटीचा चौकोन समलंब होतो आणि मग उभ्या रेघांवर विश्वास ठेवता येत नाही. फोटो अल्बमला चिकटलेला असेल तर उपटू नका, पानासकट स्कॅन करा.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. पांढऱ्या किनारीसकट पूर्ण फोटो स्कॅन करा, आधीच कातरू नका. चौकटीचा मध्य कुठे होता हे पुढे लागतं (प्रश्न 8).

निगेटिव्हवरून प्रत काढली असेल तर ती उलटी तर नाही ना, हे तपासा. दुकानाची पाटी वाचता येत असेल तर प्रश्नच नाही. नाहीतर सायकल शोधा: साखळी उजव्या बाजूला असते. पुरुषांच्या शर्टाची डावी पट्टी उजवीवर येते. आणि टांगे-सायकली रस्त्याच्या डाव्या बाजूने जायला हव्यात.

4. जुना फोटो नेमका कुठून काढला ती जागा कशी शोधायची?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून एक उदाहरण पूर्ण सांगतो. महालातल्या गांधी गेटचा, म्हणजे जुन्या जुम्मा दरवाज्याचा, एका घरच्या अल्बममधला फोटो आहे. मध्यभागी गेटची कमान. डावीकडे अगदी जवळ एक दुमजली घर, कवेलूंचं छप्पर आणि लाकडी गॅलरी. उजवीकडे विजेचा लोखंडी खांब. खांब आज नाही, घर आणि गेट आहे.

पहिली खूण झाकण्याची. फोटोत घराचा कोपरा गेटच्या डाव्या बाजूचा काही भाग झाकतो. नेमका किती झाकतो ते बघा: दगडांचा कोणता उभा सांधा कोपऱ्याला चिकटून दिसतो? त्या सांध्यावर पेन्सिलने खूण करा. आता जागेवर जाऊन तोच सांधा त्याच कोपऱ्याला चिकटेल अशा ठिकाणी उभे राहा. गेट जास्त झाकलं जात असेल तर उजवीकडे सरका, कमी झाकलं जात असेल तर डावीकडे. जुळलं की तुम्ही एका सरळ रेघेवर आलात. सांध्यापासून कोपऱ्यापर्यंत आणि तिथून तुमच्यापर्यंत येणारी ही रेघ. जुना कॅमेरा याच रेघेवर कुठेतरी होता.

रेघेवर नेमका कुठे, हे दुसऱ्या खुणेवरून कळतं, ती प्रमाणाची. फोटोवर पट्टी ठेवून घराच्या कोपऱ्याची जोत्यापासून वळचणीपर्यंतची उंची मोजा, आणि गेटचीही मोजा. समजा घर 62 मिमी आणि गेट 31 मिमी भरलं, म्हणजे प्रमाण 2. आता तुमच्या मोबाइलवर फोटो काढून त्यावर तेच दोन माप घ्या. प्रमाण 1.8 आलं तर तुम्ही मागे आहात, कारण पुढे गेलं की जवळची वस्तू लांबच्या वस्तूपेक्षा झपाट्याने मोठी होते. रेघ न सोडता पुढे चला आणि पुन्हा मोजा. यात झूम कितीही असला तरी फरक पडत नाही, दोन्ही मापं सारखीच वाढतात. म्हणूनच ही पद्धत भरवशाची. अमेरिकेत मार्क क्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977 ते 1979 या काळात एकोणिसाव्या शतकातल्या भूदृश्यांचे फोटो पुन्हा काढले, तेव्हाही जागा शोधायला फोटोवरची अशीच मापं कामी आली होती.

तिसरी खूण तपासणीची, आणि ती कमानीतच आहे. गेटला जाडी आहे, त्यामुळे कमानीची आतली बाजू एका अंगाने दिसते. फोटोत डावी आतली भिंत दिसत असेल तर कॅमेरा कमानीच्या मध्यरेघेच्या उजवीकडे होता. ती जितकी रुंद दिसते तितका तो जास्त उजवीकडे. पहिल्या दोन खुणांनी सापडलेल्या जागेवर ही भिंतही तेवढीच रुंद दिसली, तर जागा पक्की झाली. नाही दिसली तर बहुतेक घराचा कोपराच बदललेला असतो: मागून भिंतीला जाड गिलावा दिला, नाहीतर बाहेर शटरची पेटी आली. अशा वेळी गेटच्या दगडावर विश्वास ठेवा, घरावर नाही.

जागेवर जाताना जुन्या फोटोची ए-4 प्रिंट न्या आणि तिच्यावर आडव्या-उभ्या दोन-दोन रेघा मारून नऊ चौकोन पाडा. मोबाइलच्या कॅमेऱ्यातही तीच जाळी सुरू करा. मेमधल्या उन्हात मोबाइलवर जुना फोटो उघडून तुलना करायला गेलात तर काहीच दिसत नाही, कागद दिसतो. आणि जागा सापडली तरी एकच फोटो काढून परतू नका. वीतभर डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे सरकून प्रत्येक ठिकाणचा काढा. कोणता बसतो ते घरीच कळतं.

5. दोन-तीन फूट इकडे-तिकडे झालं तर एवढं काय बिघडतं?

लांबच्या इमारतीपुरतं काही नाही, जवळच्या वस्तूचं बरंच बिघडतं. समजा खांब तुमच्यापासून 10 मीटरवर आहे, गेट 40 मीटरवर. तुम्ही 1 मीटर बाजूला सरकलात तर साधारण 50 मिमी लेन्सच्या फोटोत खांब गेटच्या तुलनेत फोटोच्या रुंदीच्या जवळपास दहाव्या भागाइतका हलतो. जोडाच्या रेघेवर ही चूक लपत नाही. 10 सेंटिमीटर सरकलात तर शंभरावा भाग, तेवढा निभावतो.

6. माझ्या मोबाइलमध्ये सगळं फार लांब दिसतं. जुन्या कॅमेऱ्यासारखं दिसायला पुढे जाऊ का?

नका जाऊ. जागा प्रश्न 4 प्रमाणे ठरली की तिथून हलायचं नाही, चौकट झूमने बसवायची. मोबाइलची मुख्य लेन्स साधारण 24 ते 26 मिमीच्या बरोबरीची, म्हणजे बरीच रुंद असते. 120 फिल्मवर 6 गुणिले 9 सेंटिमीटरचा फोटो काढणाऱ्या घडीच्या कॅमेऱ्यांना बहुधा 105 मिमीच्या आसपासची लेन्स असायची, ती आजच्या हिशेबाने 45 मिमीच्या जवळ पडते. म्हणून घरगुती जुन्या फोटोंसाठी मोबाइलचं 2x बहुतेक वेळा जवळपास बसतं. थोडं सैल ठेवून काढा, घरी कातरता येतं. 0.5x ची लेन्स मात्र वापरू नका, ती कडेच्या वस्तू ताणते.

7. कॅमेरा किती उंचीवर धरायचा?

जुन्या फोटोतच उत्तर असतं. रस्त्याच्या कडेची जोत्यांची ओळ आणि वरच्या गॅलऱ्यांची ओळ पट्टीने लांबवा. त्या जिथे मिळतात ती क्षितिजाची पातळी, आणि कॅमेरा तेवढ्याच उंचीवर होता. ही आडवी रेघ सपाट रस्त्यावर उभ्या असलेल्या लोकांच्या डोळ्यांतून जात असेल तर कॅमेरा डोळ्याला लावलेला होता. पोटाजवळून जात असेल तर तो वरून पाहायचा पेटी कॅमेरा होता. डोक्यांच्या वरून जात असेल तर छायाचित्रकार ओट्यावर, टांग्यात नाहीतर गॅलरीत होता.

आता नागपूरची खास अडचण. आपल्याकडे सिमेंट रस्ते झाले तेव्हा बऱ्याच ठिकाणी रस्ता वर आला आणि जुनी जोती खाली गेली. त्यामुळे ‘डोळ्याच्या उंचीवर’ म्हणून आजच्या रस्त्यावर उभे राहाल तर कॅमेरा जुन्यापेक्षा वर जाईल. उंची रस्त्यावरून मोजू नका, इमारतीवरून मोजा. क्षितिजाची रेघ जुन्या फोटोत दाराच्या कोणत्या भागातून जाते ते पाहा, आणि आजही ती तिथूनच जाईल इतकं वाका. कधीकधी चक्क गुडघ्यावर बसावं लागतं. येणारे-जाणारे थांबून "काय हरवलं का भाऊ?" विचारतात, त्याला इलाज नाही.

8. माझ्या फोटोत इमारती मागे झुकलेल्या दिसतात, जुन्यात सरळ उभ्या आहेत. असं का?

तुम्ही कॅमेरा वर केलात म्हणून. स्टुडिओवाल्यांच्या स्टँडवरच्या मोठ्या कॅमेऱ्यांत लेन्सच वर सरकवता यायची, त्यामुळे कॅमेरा सपाट ठेवूनही उंच इमारत चौकटीत बसायची. अशा फोटोत क्षितिज मध्यावर नसतं, खाली असतं. ते कळायलाच पूर्ण, न कातरलेली चौकट लागते. तुम्ही मोबाइल अगदी सरळ धरा, 1x वर रुंद फोटो काढा आणि खालचा रस्त्याचा भाग घरी कातरून टाका. जुन्या फोटोतच इमारती झुकलेल्या असतील तर तुम्हीही तेवढाच वर करा.

9. सावल्या जुळवणं गरजेचं आहे का?

गरजेचं नाही, पण जोडाच्या रेघेवर एका बाजूला सावली डावीकडे आणि दुसऱ्या बाजूला उजवीकडे पडली तर डोळ्याला खुपतं. नागपूरचं अक्षांश 21 अंशांच्या थोडं वर आहे, म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या. डिसेंबरच्या शेवटी दुपारचा सूर्य 45 अंशांवर असतो, म्हणजे खांबाची सावली खांबाएवढीच. आणि मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. फोटोत उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीवर भर दुपारचं ऊन दिसत असेल तर तो याच काळातला, बहुधा पाऊस सुरू व्हायच्या आधीचा. सूर्य माथ्यावर येण्याची वेळही घड्याळाच्या बाराला नसते, साधारण सव्वाबाराला असते. नोव्हेंबरात थोडी आधी, फेब्रुवारीत थोडी नंतर. सावली जुळवायची सोय नसेल तर ढगाळ दिवस निवडा.

10. संगणकावर दोन फोटो एकमेकांवर कसे बसवायचे?

GIMP फुकट आहे आणि पुरेसं आहे. जुना फोटो खाली ठेवा, नवा त्याच्यावरचा थर म्हणून आणा. नव्याची `Opacity` 50 करा, म्हणजे दोन्ही एकदम दिसतील. जुना फोटो ताणायचा नाही, हलवायचा तो नवा. आधी `Scale` ने गेटच्या दोन लांब कडा जुळवा, मग `Perspective` ने कोपरे थोडे ओढून बाकीचं बसवा. बसलं का ते पाहायला थराचा `Mode` काही क्षण `Difference` करा: जिथे कडा दुहेरी दिसतात तिथे अजून जुळलेलं नाही. शेवटी `Opacity` 100 करा, `Add Layer Mask` ने पांढरा मुखवटा लावा, आणि ज्या बाजूला जुना हवा ती बाजू मुखवट्यावर काळी करा.

11. गेट बसवलं की घर सरकतं, घर बसवलं की गेट सरकतं. काय करू?

पुन्हा महालात जा. लांबचं आणि जवळचं एकाच वेळी बसत नसेल तर तुमची जागा चुकली आहे, आणि ती चूक कोणतंही `Perspective` दुरुस्त करत नाही. ते फक्त चौकट तिरकी करतं, खांबामागे काय लपलं होतं ते बदलू शकत नाही. कोणत्या बाजूला चुकलं तेही इथेच कळतं: गेट जुळवून ठेवल्यावर नव्या फोटोतलं जवळचं घर जुन्यापेक्षा डावीकडे दिसत असेल, तर तुम्ही उजवीकडे उभे होतात. वीतभर सरकून काढलेले जादा फोटो (प्रश्न 4) असतील तर आधी त्यातला एक बसतो का पाहा, फेरी वाचेल. रबरासारखं ताणणारं `Warp Transform` वापरून घर ओढून आणण्याचा मोह अनेकांना होतो. त्यात गॅलरीचे खांब वाकतात, आणि शिवाय जे नव्हतं ते दाखवल्यासारखं होतं.

12. रेघ कुठे मारायची? मधोमध?

मधोमधच हवी असं काही नाही. दोन्ही फोटोंत आहे अशा एखाद्या वस्तूमधून रेघ गेली की जोड बोलतो: अर्धी कमान काळी-पांढरी, अर्धी रंगीत. चेहऱ्यातून रेघ नेऊ नका. जुन्यातला टांगा आणि आजची ई-रिक्षा दोन्ही दिसाव्यात म्हणून रेघ तिरकीही चालते. मी स्वतः कड धूसर करत नाही, कोरी ठेवतो. धूसर कडेत कोणतं जुनं नि कोणतं नवं ते कळेनासं होतं. जुन्या फोटोला रंग भरण्याच्या फंदातही पडू नका.

13. जुन्या कॅमेऱ्याच्या जागी आता मेट्रोचा खांब किंवा डिव्हायडर आहे. मग?

बर्डीवर हे नेहमीचं. डिव्हायडर असेल तर रविवारी पहाटे, दुकानं उघडायच्या आत जा आणि कुणाला तरी गाड्यांवर लक्ष ठेवायला सोबत घ्या. खांबच असेल तर प्रश्न 4 मधली पहिली रेघ आठवा: तिच्यावरच खांबाच्या पुढे किंवा मागे उभे राहा. झाकण्याची खूण जुळेल, प्रमाण थोडं चुकेल. मग जवळची वस्तू जोडाच्या रेघेपासून लांब ठेवा आणि रेघ लांबच्या इमारतीतून न्या. चूक राहील, पण नजर जाईल तिथे नसेल. फोटोखाली ‘जागा काही मीटर मागे’ असं लिहिलं तर उत्तमच.

14. जुना फोटो सीताबर्डीच्या किल्ल्यावरून काढलेला आहे. वर जाता येतं का?

किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि लोकांसाठी 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट अशा ठरावीक दिवशी उघडला जातो. कॅमेरा नेता येईल का, कोणत्या बाजूला फोटो काढता येईल, हे त्या दिवशी दारावरच विचारा आणि सांगतील ते पाळा. ड्रोनने काम भागवू असा विचारही करू नका. वरून काढलेल्या फोटोत जवळचं फारसं काही नसतं, त्यामुळे जागा थोडी चुकली तरी चालते (प्रश्न 5). मात्र आजची झाडं आणि उंच इमारती खालचे रस्ते झाकतात, तेव्हा उन्हाळ्यात पानगळ झालेली असताना जास्त दिसतं. ठरलेल्या दिवसांपैकी त्या दृष्टीने 1 मे बरा.

15. जुना फोटो दुसऱ्याचा असेल तर जोडफोटो टाकता येतो का?

भारतीय कायद्यात फोटोचा हक्क तो प्रकाशित झाल्यानंतर 60 वर्षं राहतो. घरच्या अल्बममधला कधीच छापला गेला नसेल तर हा हिशेब सरळ लागत नाही, म्हणून ज्यांच्या घरचा त्यांना विचारूनच टाका. फोटोतली माणसं ओळखू येत असतील तर तर नक्कीच. वर्ष पक्कं माहीत नसेल तर अंदाजाने 1950 वगैरे लिहू नका. ‘घरच्यांच्या सांगण्याप्रमाणे’ असं लिहा, आणि नव्या फोटोची तारीख मात्र न चुकता टाका. पुढच्या कुणाला पुन्हा त्याच जागी उभं राहायचं असेल तर त्या तारखेसोबत ‘घराच्या कोपऱ्याला गेटचा अमुक सांधा चिकटतो’ एवढी ओळही लिहून ठेवा.